पन्नास इथर, बोली शून्य

१३ मार्च २०२०, शुक्रवार. मुंबईचा शेअर बाजार उघडून जेमतेम काही मिनिटं झाली होती आणि व्यवहार थांबवावे लागले. आदल्याच दिवशी सेन्सेक्स २,९१९ अंकांनी आपटला होता. शुक्रवारी सकाळी घसरण दहा टक्क्यांवर गेली, सर्किट लागलं आणि दलाल स्ट्रीटला ४५ मिनिटं सक्तीची विश्रांती मिळाली. करोनाला जागतिक महासाथ जाहीर करून तेव्हा दोनच दिवस झाले होते. त्या पाऊण तासात लोकांनी चहा घेतला, फोन केले, श्वास घेतला. बाजार पुन्हा उघडला तेव्हा तो सावरला होता.

त्याच चोवीस तासांत आणखी एक बाजार कोसळत होता आणि त्याला सर्किट नव्हतं, सुट्टी नव्हती, थांबवणारंही कुणी नव्हतं. इथर नावाचं क्रिप्टो चलन गुरुवारी सकाळी १९५ डॉलरच्या आसपास होतं, ते दुसऱ्या दिवशीपर्यंत शंभराच्या खाली जाऊन आलं. हे इथर तारण ठेवून हजारो लोकांनी कर्जं काढली होती. त्यांपैकी अनेकांचं तारण त्या रात्री लिलावात निघालं आणि त्यातलं बरंचसं शून्य किमतीला विकलं गेलं. शून्य हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. तो कसा आला ते समजून घेतलं की क्रिप्टो तारणकर्जाचा सगळा सांगाडा समोर येतो.

सोनेतारण ज्याच्या घरात कधीच झालं नाही असं मराठी घर विरळाच. पाटल्या घेऊन बँकेत जायचं, मूल्यांकन करणारा सराफ त्या कसाला लावतो, वजन करतो, आणि किमतीच्या काही टक्के रक्कम हातात मिळते. बरीच वर्षं ही कमाल मर्यादा ७५ टक्के होती. म्हणजे एक लाखाच्या सोन्यावर जास्तीत जास्त पंचाहत्तर हजार. उरलेले पंचवीस हजार ही बँकेची उशी. सोनं उतरलं, व्याज थकलं, तरी बँकेला आपले पैसे सुटावेत यासाठी ठेवलेली.

क्रिप्टोतलं तारणकर्ज हेच आहे, पण एका मोठ्या फरकाने. इथे कर्ज देणारा तुम्हाला ओळखत नाही. नाव नाही, पत्ता नाही, जामीनदार नाही, पगाराची स्लिप नाही. समोर बँकच नसते, असतो फक्त इथेरियमच्या जाळ्यावर चालणारा एक संगणकीय करार. कर्ज बुडवलंत तर तो तुमच्या दारात येऊ शकत नाही, कोर्टात जाऊ शकत नाही. त्याच्या हातात फक्त तुमचं तारण. म्हणून कर्जापेक्षा तारण बरंच जास्त मागितलं जातं आणि ते कमी पडू लागलं की कुणालाही न विचारता विकलं जातं.

मग साहजिक प्रश्न येतो की ज्याच्याकडे दहा हजारांचं इथर आहे तो पाच हजारांचं कर्ज कशाला काढेल? थोडं इथर विकून टाकेल की. उत्तर सोन्याचंच आहे. आजीच्या पाटल्या आपण मोडत नाही, गहाण टाकतो. भाव वाढेल अशी आशा असते आणि वस्तू हातची जाऊ नये असं वाटतं. पण क्रिप्टोत दुसराही एक वर्ग आहे, आणि तो लहान नाही. तो कर्जाच्या पैशातून आणखी इथर घेतो, तेही तारण ठेवतो, त्यावर पुन्हा कर्ज काढतो. भाव चढत असताना हा झोका छान उंच जातो. उतरताना काय होतं, ते पुढे येईलच.

या क्षेत्रात तेव्हा सगळ्यात मोठं नाव होतं मेकर. रून क्रिस्टेनसेन या डेन्मार्कच्या माणसाने उभा केलेला हा प्रकल्प डिसेंबर २०१७ पासून चालू होता. त्याचं चलन म्हणजे डाय, आणि एका डायची किंमत एका डॉलरइतकी राहावी अशी त्याची रचना. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मेकरकडे ठेवीदारांच्या पैशाची तिजोरी नव्हती. तुम्ही इथर तारण ठेवलंत की तुमच्यासाठी नवे डाय तयार व्हायचे, आणि कर्ज फेडलंत की ते नष्ट व्हायचे. म्हणजे बाजारात फिरणारा प्रत्येक डाय ही कुणाच्या तरी तारणाची पावती होती. पावती खरी राहायची तर मागचं तारण खरं राहायला हवं.

या तारणाच्या कप्प्याला व्हॉल्ट म्हणत. इथरवरच्या मुख्य व्हॉल्टचा नियम असा होता की तारणाची किंमत कर्जाच्या १५० टक्क्यांखाली जाता कामा नये. गेली, तर व्हॉल्ट जप्त, इथरचा लिलाव, आणि कर्जावर १३ टक्के दंड. या जप्ती-विक्रीला सगळे लिक्विडेशन म्हणतात आणि त्या १५० टक्क्यांच्या रेषेला लिक्विडेशनची मर्यादा.

हिशोब मांडूनच पाहू. समजा एकाने इथर २०० डॉलरला असताना ५० इथर ठेवले. तारण झालं १०,००० डॉलरचं. नियमाने त्याला साडेसहा हजारांहून अधिक डाय काढता आले असते, पण तो सावध माणूस. त्याने ५,००० डायच काढले. तारण कर्जाच्या दुप्पट. आता त्याची रेषा कुठे? ५,००० ची दीडपट म्हणजे ७,५००. पन्नास इथरची किंमत ७,५०० होते ती भाव १५० डॉलर असताना. म्हणजे भाव एक चतुर्थांश उतरला की संपलं. दुप्पट तारण ठेवलं म्हणजे भाव निम्मा होईपर्यंत आपण सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. रेषा कर्जाच्या रकमेवर नसते, दीडपटीवर असते, आणि दुपटीपासून दीडपट फार लांब नाही.

आता भाव उतरतोय. आपल्या माणसापुढे दोन वाटा आहेत. आणखी इथर टाकून तारण वाढवायचं, किंवा थोडे डाय परत करून कर्ज घटवायचं. मेकरने यासाठी थोडी सवड ठेवली होती. बाहेरच्या बाजारातला भाव करारापर्यंत पोचवणारी जी यंत्रणा असते तिला ओरॅकल म्हणतात. मेकरचा ओरॅकल अनेक ठिकाणचे भाव घेऊन मधला निवडायचा आणि तो एक तास थांबवून मगच लागू करायचा. कुणी खोटा भाव घुसवला तर तो पकडायला वेळ मिळावा, हा हेतू. कर्जदारालाही त्यामुळे तासाभराने कोणता भाव लागणार हे आधी दिसायचं.

हे सगळं सावकाश उतरणाऱ्या बाजारासाठी ठीक होतं. १२ मार्चचा बाजार सावकाश उतरत नव्हता.

इथेरियमवर कोणताही व्यवहार नोंदवायचा तर शुल्क द्यावं लागतं, त्याला गॅस म्हणतात. शुल्क ठरलेलं नसतं, जो जास्त देईल त्याचा व्यवहार आधी. त्या दिवशी सगळ्यांनाच एकाच वेळी इथर हलवायचं होतं. कुणाला विकायचं होतं, कुणाला तारण वाढवायचं होतं, कुणाला कर्ज फेडायचं होतं. गॅस नेहमीच्या कित्येक पटींनी चढला. आपल्या माणसाने डाय परत करायचा व्यवहार पाठवला, पण रोजच्या सवयीचं शुल्क लावून. तो रांगेत पडून राहिला. ओरॅकलला भाव नोंदवायचा तोही याच रांगेतून, त्यामुळे भावही रखडले आणि मग एकदम मोठी उडी घेऊन खाली आले. तासाभराची सवड होती, पण दारच उघडत नव्हतं.

डायचीही टंचाई झाली. कर्ज फेडायला डाय लागतो, इतर कशाने ते फिटत नाही. घाबरलेले कर्जदार सगळे मिळून डाय शोधू लागले, आणि जो डाय एका डॉलरचा असायचा तो डॉलरच्या वर जाऊन बसला. कर्ज फेडणं ऐन गरजेच्या वेळी महाग झालं.

व्हॉल्ट जप्त झाल्यावर काय व्हायचं? ५० इथरपर्यंतचा एकेक गठ्ठा लिलावाला निघायचा. इथे हातोडा आपटणारा माणूस नसतो, समोर बसलेले व्यापारी नसतात. बोली लावतात ते बॉट, म्हणजे कुणीतरी चालू करून ठेवलेले प्रोग्रॅम. मेकरच्या भाषेत त्यांना कीपर म्हणत. लिलावाच्या दोन फेऱ्या असायच्या. पहिलीत डायची बोली चढत जायची, आणि तिची मजल कर्ज अधिक दंड इथपर्यंत, म्हणजे आपल्या उदाहरणात ५,६५० डाय. तिथे पोचलं की दुसरी फेरी उलटी. ५,६५० डाय देतो पण मला पन्नास नकोत, अठ्ठेचाळीस इथर पुरेत, असं एकाने म्हणायचं, दुसऱ्याने शेहेचाळीस. जो सगळ्यात कमी इथरवर राजी होईल त्याला माल, आणि उरलेलं इथर मूळ मालकाला परत.

हे व्यवस्थित पार पडलं असतं तर आपल्या माणसाचं काय झालं असतं? समजा लिलावाच्या वेळी बाजारात भाव १३० आहे. पन्नास इथरचे झाले ६,५००, त्यातून कर्जाचे ५,००० वजा केले तर त्याचे स्वतःचे १,५०० शिल्लक होते. एका कीपरने ५,६५० डाय भरून ४५ इथर घेतले आणि ५ इथर, म्हणजे ६५० डॉलर, मालकाला परत गेले. १,५०० चे ६५० झाले. गेले ८५०, त्यातला ६५० दंड आणि २०० कीपरचा नफा. लागलं, पण माणूस उभा राहिला. मेकरच्या कर्जदारांच्या मनात लिक्विडेशनचं चित्र होतं ते एवढंच. तेरा टक्के जातील, बाकीचं परत येईल.

आता प्रत्यक्षात काय झालं. कीपर मोजकेच होते. बोली लावायला डाय लागतात. एक-दोन लिलाव जिंकले की गाठीचे डाय संपले, आता जिंकलेलं इथर विकून नवे डाय आणायचे, तर बाजारात डाय नाहीत आणि व्यवहार रांगेत अडकलेले. काही बॉटना गॅस वाढवायचं भान नव्हतं. ते जुन्याच शुल्काने बोली पाठवत राहिले. इथेरियमवर एका खात्याचे व्यवहार क्रमाने जातात, पहिला अडकला की मागचे सगळे अडकतात. म्हणजे बॉट चालू होता, मालकाच्या पडद्यावर सारं ठीक दिसत होतं, आणि बोली मात्र एकही पोचत नव्हती.

लिलावाचा नियम असा की एका बोलीवर दहा मिनिटांत दुसरी चढती बोली आली नाही तर पहिली जिंकली. रोजच्या दिवशी दहा मिनिटं म्हणजे बॉटसाठी एक युग. त्या दिवशी ती वाऱ्यासारखी गेली.

बोली किमान किती असावी? कराराच्या कोडमध्ये बोली तपासणाऱ्या ओळींतली एक अशी होती:

```
require(bid > bids[id].bid, "Flipper/bid-not-higher");
```

अर्थ सरळ आहे. नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा मोठी हवी. आणि लिलाव सुरू होताना आधीची बोली असायची शून्य. म्हणजे शून्याहून केसभर जास्त काहीही चालणार होतं. आपण ज्याला शून्य बोली म्हणतो ती प्रत्यक्षात दशांश चिन्हापुढे कित्येक शून्यं आणि मग एक, अशी रक्कम होती. राखीव किंमत नावाची गोष्टच नव्हती.

इथे सोनेतारण पुन्हा आठवतं. आपल्याकडे तारण ठेवलेले दागिने लिलावात काढायचे तर कर्जदाराला आधी नोटीस जाते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार राखीव किंमत ठरवावी लागते. तिच्याखाली माल जाऊ शकत नाही. हा नियम कुणा विद्वानाने हवेतून काढलेला नाही. खोलीत एकच बोली लावणारा बसलाय अशी दुपार कधी ना कधी येतेच, हे लिलाव करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मेकर लिहिणारी मुलं हुशार होती, गणित पक्कं होतं, पण अशी दुपार त्यांनी पाहिली नव्हती.

१२ मार्चला ती आली. काही बोलीदारांच्या लक्षात आलं की आपल्यासमोर कुणीच नाही. गॅस भरपूर भरून त्यांनी जवळजवळ शून्याची बोली लावली, दहा मिनिटं थांबले, आणि पन्नास-पन्नास इथरचे गठ्ठे उचलले. नंतर झालेल्या मोजणीनुसार त्या पडझडीतल्या ३,९९४ लिलावांपैकी १,४६२ असे गेले. त्यातून हातची गेलेल्या इथरची किंमत साधारण ८३ लाख डॉलर. याला काही जणांनी चोरी म्हटलं. मला ते पटत नाही. दाराला कडी नव्हती हे खरं, पण दारावर ‘या, बोली लावा’ असं लिहिलेलं होतं.

आपल्या उदाहरणातला माणूस शून्य बोलीत सापडला असता तर? ६,५०० डॉलरचं इथर बोलीदाराच्या खिशात. मालकाला परत काही नाही, म्हणजे त्याचे १,५०० गेले. पण गंमत अशी की काढलेले ५,००० डाय त्याच्याचकडे राहिले. ते परत मागायला कुणी येणार नाही, कारण येण्याची सोयच नाही. उरलेल्या ५,००० चं भोक पडलं ते मेकरच्या अंगाला. ते पाच हजार डाय बाजारात फिरत राहिले आणि त्यांच्यामागचं तारण नाहीसं झालं. पावती आहे, पाटल्या नाहीत. अशा पावत्या वाढल्या की मग चांगल्या पावतीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. ज्याने एकही कर्ज काढलेलं नाही, नुसते डाय जवळ बाळगलेत, त्याच्यापर्यंत हा धोका असा पोचतो.

मेकरचं भोक निघालं सुमारे ५७ लाख डायचं.

ते बुजवायची तजवीज कोडमध्ये होती. मेकरचं दुसरं एक नाणं होतं, एमकेआर. ते ज्यांच्याकडे त्यांना कारभारात मत, आणि भरभराटीत फायदा. तोट्यातही त्यांनीच खांदा द्यायचा होता. नवे एमकेआर छापून ते डायच्या मोबदल्यात विकायचे, आलेले डाय नष्ट करायचे आणि भोक बुजवायचं. कंपनी नवे शेअर काढून तोटा भरते आणि जुन्या भागधारकांचा हिस्सा पातळ होतो, तसंच हे. १९ मार्चपासून हे लिलाव सुरू झाले. २०,९८० एमकेआर विकून सुमारे ५३ लाख डाय आले. त्यातला मोठा वाटा पॅराडाइम या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने उचलला. दरम्यान लिलावाची दहा मिनिटांची मुदत सहा तास केली गेली. डायची टंचाई हटवायला यूएसडीसी हे चलनही तारण म्हणून घ्यायला सुरुवात झाली. यूएसडीसी म्हणजे एका कंपनीने बँकेत डॉलर ठेवून त्यावर काढलेलं नाणं. कुणाही कंपनीवर, कुणाही बँकेवर अवलंबून नसलेलं चलन अशी डायची ख्याती, आणि पहिल्याच मोठ्या वादळात त्याला कंपनीच्या डॉलरचा टेकू घ्यावा लागला. मेकरच्या कट्टर चाहत्यांना हे आजही बोचतं.

खरी दुरुस्ती झाली एप्रिल २०२१ मध्ये. लिलावाची पद्धतच उलटी केली गेली. पूर्वी बोली खालून वर जायची, आता भाव वरून खाली येऊ लागला. बाजारभावापेक्षा चढ्या किमतीने सुरुवात होते आणि ती ठरावीक वेळाने उतरत जाते. ज्याला परवडेल तिथे तो ‘घेतला’ म्हणतो, आणि माल तत्काळ त्याचा. दहा मिनिटं वाट पाहणं नाही, पैसे अडकून पडणं नाही, अख्खा गठ्ठा घ्यायची सक्ती नाही. संध्याकाळ कलली की मंडईत भाजीचा भाव असाच उतरत जातो. जुडी फुकट मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर मधेच दुसरं गिऱ्हाईक ती दहा रुपयांना उचलून नेतं. किंमत फारच खाली गेली तर लिलाव तिथेच थांबतो आणि ताज्या भावाने नव्याने सुरू करावा लागतो. राखीव किमतीचं काम आता हे करतं. पुढच्याच महिन्यात, १९ मे २०२१ रोजी, इथर एका दिवसात पुन्हा चाळीस टक्क्यांच्या आसपास आपटला. या खेपेला शून्य बोलीची पुनरावृत्ती झाली नाही.

पण लिलाव सुधारला म्हणजे पडझड सोसली असं नाही. इथर लिलावात घेणारा कीपर ते जपून ठेवत नाही, लगेच बाजारात विकतो. त्या विक्रीने भाव आणखी उतरतो, आणि ज्याची रेषा थोडी खाली होती त्याचा व्हॉल्ट जप्त होतो. तोही माल बाजारात येतो. कर्जावर कर्ज काढून झोक्यावर बसलेले लोक आठवा, त्यांच्या सगळ्या रेषा वरच्या बाजूला दाटीने असतात आणि तेच आधी पडतात. त्यांचा माल सावध माणसाच्या रेषेपर्यंत भाव आणून सोडतो. म्हणून आपली रेषा किती लांब आहे एवढं पाहून भागत नाही, आपल्या वरच्या पायऱ्यांवर किती गर्दी आहे हेही पाहावं लागतं.

आवेसारख्या ठिकाणी आज कर्ज काढणाऱ्याला लिलाव दिसतच नाही. तिथे पडद्यावर हेल्थ फॅक्टर नावाचा एक आकडा असतो. तारणाच्या किमतीला लिक्विडेशनच्या टक्केवारीने गुणायचं आणि कर्जाने भागायचं. १०,००० चं तारण, मर्यादा ८० टक्के आणि कर्ज ५,००० असेल तर आकडा येतो १.६. तो १ च्या खाली गेला की कुणीही तुमच्या कर्जाचा काही भाग भरू शकतो आणि त्याबदल्यात तुमचं तारण काही टक्के स्वस्तात घेऊ शकतो. ती सवलत हीच त्याची मजुरी. ही पद्धत झटपट आहे, पण तिलाही तोच मूळ प्रश्न लागू होतो की सवलत दिली तरी त्या क्षणी घेणारा कुणी आहे का? इथरसारख्या रोज प्रचंड उलाढाल असलेल्या नाण्याला सहसा असतो. फारशी खरेदीविक्री नसलेलं नाणं ढिगाने तारण ठेवलं असेल तर पडद्यावरची किंमत ही नुसती पाटी असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आवेवरच कर्व्ह नावाच्या नाण्याच्या एका मोठ्या व्यवहारात हे दिसलं. उधार घेतलेल्या त्या नाण्याची भरपाई करायला बाजारात तेवढी नाणीच सहज मिळेनात, आणि सुमारे १६ लाख डॉलरचं कर्ज कायमचं बुडीत खाती गेलं.

यावरून स्वतःची रेषा मोजायची झाली तर उलटीकडून मोजावी. किती कर्ज मिळतं हे आधी पाहू नये. आधी सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांपुढे आणावा. इथरने १९५ वरून ९० गाठलेली आपण पाहिली. पन्नास इथर ठेवून ९० ला रेषा हवी असेल, तर मेकरच्या त्या वेळच्या नियमाने कर्ज येतं ३,००० डाय, त्याहून एक डायही जास्त नाही. जवळपास दहा हजारांच्या तारणावर तीन हजार. सोनेतारणातल्या ७५ टक्क्यांची सवय असलेल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पण सोनं एका रात्रीत निम्मं होत नाही. कर्ज फेडायला लागणारे डाय आधीच बाजूला ठेवलेले बरे, कारण गरज पडेल त्या दिवशी ते महाग असतात. आणि व्यवहार पाठवताना गॅस हाताने वाढवता येतो हे वॉलेटमध्ये शांत दिवशी एकदा करून पाहिलेलं असावं. पडझडीच्या रात्री शिकायला वेळ नसतो.

शून्य बोलीत ज्यांचं सगळं गेलं ते गप्प बसले नाहीत. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात २.८ कोटी डॉलरचा दावा दाखल झाला. तक्रारीचा रोख असा की आम्हाला लिक्विडेशन म्हणजे तेरा टक्के दंड आणि बाकीचं परत असं सांगितलं होतं, शंभर टक्के जाऊ शकतात हे सांगितलंच नव्हतं. मेकरमध्येही भरपाईवर काही महिने खल चालला. निर्णय मतदानाने व्हायचा होता. मताचा हक्क एमकेआर बाळगणाऱ्यांना होता, व्हॉल्ट असणाऱ्यांना नव्हता. एमकेआरवाल्यांनी नवी नाणी छापून आपला हिस्सा आधीच पातळ करून घेतला होता, आणि आता भरपाई पुन्हा त्यांच्याच खिशातून जाणार होती. सप्टेंबर २०२० मध्ये निकाल लागला. भरपाई द्यायची नाही.